फोटोवरून स्विचची सिरीज कशी ओळखली? तुमचे अनुभव सांगा

मुलुंडकरीण: गिझरच्या बोर्डावरचा 16 अँपिअरचा सॉकेट गेल्या महिन्यात काळा पडला. बाकीचे स्विच ठणठणीत आहेत, म्हणून तेवढाच बदलायचा होता. समोरून फोटो काढून दुकानात दाखवला. काका म्हणाले, "अँकरच्या रोमा सिरीजसारखा दिसतोय." आणला, तर एका बाजूने अडकला आणि दुसऱ्या बाजूला फट राहिली. शेवटी प्लेट काढली, सॉकेट बाहेर घेतला, तेव्हा पाठीवर भलत्याच कंपनीचं नाव कोरलेलं निघालं. हाच फोटो आधी काढला असता तर दोन खेपा वाचल्या असत्या. तुम्ही कसं ओळखलंत?

तारवाला: पंचवीस वर्षं वायरिंगचं काम करतोय. समोरच्या फोटोवर मी कधीच माल आणत नाही. पांढरा चौकोनी स्विच सगळेच करतात. बाहेरची प्लेट खालच्या खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच उचकटा. आत स्क्रूंनी धरलेली फ्रेम दिसेल. ती सोडवून पुढे ओढली की मॉड्यूलची पाठ दिसते. कंपनी, अँपिअर, आयएस नंबर आणि बहुतेक वेळा मालाचा नंबर तिथेच असतो. अक्षरं त्याच रंगात कोरलेली असतात, म्हणून फ्लॅश बंद ठेवून बाजूने टॉर्च मारा. सावली पडली की वाचता येतात. एक फोटो मॉड्यूल फ्रेममध्ये कुठे अडकतं त्या खाचांचाही घ्या. दुकानदार बरेचदा त्यावरूनच ओळखतो.

सातारची सून: पण बॉक्स तर सगळे सारखेच असतात ना? सहा मॉड्यूलचा असेल तर कुठल्याही कंपनीचं सहाचं चालतं. आमच्याकडे चाललं.

तारवाला: वहिनी, भिंतीतल्या पत्र्याच्या बॉक्सपुरतं तुमचं बरोबर आहे. तुमच्याकडे फ्रेम, प्लेट आणि सगळे स्विच एकाच कंपनीचे नवे लावले असणार. तेव्हाही स्क्रूची भोकं जुळतात का ते आधी बघायचं. जुन्या फ्रेममध्ये दुसऱ्या कंपनीचा एकच सॉकेट मात्र बसवू नये. रुंदी जवळजवळ सारखी असली तरी खटका वेगळ्या जागी असतो. ओढूनताणून बसवला तर प्लग काढताना सॉकेटच हातात येतो.

सातारची सून: हो, सगळंच नवं होतं. आता कळलं.

अबुधाबीहून: आमच्या इथे तर हा प्रश्नच येत नाही. 86 मिलिमीटरची चौकोनी प्लेट, समोर दोन स्क्रू, ते 60.3 मिलिमीटर अंतरावर. सॉकेट प्लेटसकटच येतो. कोणत्याही कंपनीचा घ्या.

मुलुंडकरीण: दादा, ते ब्रिटिश पद्धतीचं झालं. आमच्या फ्रेममध्ये एकेक नग वेगळा अडकवायचा असतो, अडचण तिथेच आहे.

टपकीर गल्लीचा गिऱ्हाईक: एक कळकळीचं सांगणं. मी मेन स्विच पाडून प्लेट काढली आणि तरी झटका बसला. त्या बोर्डात एक लाइन इन्व्हर्टरची होती, मेन बंद होताच तो सुरू झाला. आधी इन्व्हर्टर बंद करा आणि फ्रेम ओढल्यावर प्रत्येक वायरला टेस्टर लावून मगच हात घाला. माझी सिरीज पाठीवरच्या नंबरवरून सापडली, पण ती आता बनत नाही. म्हणून पूर्ण बोर्ड नवा केला आणि निघालेले चांगले स्विच सुटे भाग म्हणून जपून ठेवले. पुढच्या वर्षी बेडरूममधला एक गेला, तेव्हा त्यातलाच कामी आला.

तारवाला: उत्तम केलंत. जुन्या नगावर नुसतं 'अँकर' असेल आणि नव्यावर सोबत 'पॅनासॉनिक' दिसलं तर घाबरू नका, 2007मध्ये ती कंपनी पॅनासॉनिककडे गेली. तरी जुना नग घेऊन जा आणि दुकानातच नव्या फ्रेममध्ये अडकवून बघा. मुलुंडकर ताई, सॉकेट काळा का पडला ते पाहिलंत का? 2000 वॅटचा गिझर नऊएक अँपिअर ओढतो, 16 चा सॉकेट तेवढ्याने जळायला नको. बहुतेक स्क्रूखाली वायर सैल असणार किंवा प्लगच्या पिना आत ढिल्या बसत असणार. तांबं लख्ख दिसेपर्यंत वायर मागे कापा. जळक्या टोकावर नवा सॉकेट लावला तर तोही जळेल. प्लगची पिनही काळी असेल तर प्लग बदला.

मुलुंडकरीण: स्क्रू सैलच होता, आणि प्लगची एक पिन तपकिरी झालीय. प्लगही बदलते. नंबरवरून योग्य सॉकेट मिळाला, खट्कन बसला. पण तो पांढराशुभ्र आणि बाजूचे सगळे पिवळट पडलेले. कुणी असे जुने स्विच पुन्हा पांढरे केलेत का? की मोरीजवळच्या बोर्डाशी अदलाबदल करून सगळे पिवळे एकत्र लावू?