टाकी, बिस्कीट आणि गणपती पेठेला जाणारं पत्र

कदम वहिनी (बी विंग): सेक्रेटरी साहेब, लिफ्टजवळच्या बोर्डावर टाकी धुण्याची नोटीस होती ना? तिच्यावर कुणीतरी बिस्किटाचं पत्र डकवलंय. उद्या पाणी कधी बंद, आम्ही काय समजायचं?

सेक्रेटरी: सकाळी ९ ते १ बंद. पत्र जोशी काकांचं आहे. काका, बोर्डावर काही लावायचं तर आधी विचारावं, ही विनंती मागंही केली होती.

जोशी काका (ए विंग): वॉचमनला बाजूला लावायला सांगितलंय. पोस्टात टाकण्याआधी चार जणांनी वाचावं म्हणून लावलं होतं. इथंच देतो.
"स. न. वि. वि. १९६८-६९ च्या सुमारास सांगलीत एक अतिशय रुचकर बिस्कीट मिळत असे. चौकोनी, वर साखर, खोबऱ्याचा वास. पुड्यावर लाल रंग व बहुधा एका मुलाचे चित्र. नाव आठवत नाही. ते अजून निघते का, कृपया कळवावे."
गणपती पेठेतल्या जुन्या दुकानदारांना पाठवणार आहे.

माने (सी विंग): साठे बिस्कीट. पुण्याचं. विषय संपला.

पूजा (बी विंग): काका मी मोबाईलवर शोधून देते ना 😊

जोशी काका: बाळा, नाव माहीत असतं तर मीच शोधलं असतं.

चौगुले (सी विंग): काका, आमचं दुकान गणपती पेठेतच होतं. असल्या पत्राला दुकानदार एकच उत्तर देणार, "मिळतं, या की." चौकोनी, साखर, खोबरं म्हटलं की तो नाईस समजणार. मारी जसा प्रकार आहे तसा नाईस हाही प्रकार. कितीतरी कंपन्या काढतात. तुम्ही जाणार, पुडा घेणार, आणि चव वेगळी लागली की म्हणणार आता पूर्वीसारखं राहिलं नाही. मुळात ते दुसऱ्याच कंपनीचं असेल तर?

माने: म्हणूनच म्हणतोय. पत्रात सरळ साठे लिहा.

चौगुले: माने साहेब, तेच तर लिहायचं नाही. नाव दिलं की समोरचा "हो हो, तेच" म्हणतो. माणूस मान ठेवायला म्हणून होकार देतो, आणि मग त्या होकाराचा काही उपयोग राहत नाही. त्याच्याकडून नाव आलं पाहिजे, आपण द्यायचं नाही.

कदम वहिनी: टाकीच्या विषयाचं काय झालं? मागच्या वेळी गाळ तसाच होता.

सेक्रेटरी: वहिनी, या वेळी मी स्वतः उभा राहणार आहे.

कदम वहिनी: मागच्या वेळीही हेच ऐकलं होतं. असो.

चौगुले: काका, दोन गोष्टी सांगा. एक, सगळी बिस्किटं अगदी एकसारखी होती का? कडेचे दाते, भोकं, सगळं? कारखान्यात साच्यानं कापतात, त्यामुळं भोकांची संख्या आणि रांगा प्रत्येक बिस्किटावर सारख्याच येतात. आतली वाफ निघून जावी, बिस्कीट फुगू नये म्हणून ती भोकं पाडतात. भट्टीतलं हाती केलेलं असलं तर एक जाड एक पातळ, एक करपलेलं एक पांढुरकं. तसं असेल तर ब्रँड शोधून उपयोग नाही, बेकरीवाल्यांना लिहायला लागेल. दुसरं, तो लाल पुडा खरंच तुमच्या हातात होता का?

जोशी काका: पुडा डोळ्यासमोर स्पष्ट येतो.

चौगुले: स्पष्ट येतो ते खरं. पण मधल्या पन्नास वर्षांत किती पुडे बघितले आपण. पॅकेटवरचं मूल तर प्रत्येकाच्याच डोळ्यासमोर आहे. तुमच्या अक्का मिरजेला आहेत ना? त्यांना विचारा. पण तुमचं पत्र वाचून दाखवू नका. नुसतं विचारा, "ते बिस्कीट आठवतं का, आपल्याकडं कसं यायचं?"

माने: साठे.

पूजा: माने काका 😂😂

शेख भाभी (ए विंग): उद्या माझ्याकडे पाहुणे आहेत, पाणी १ ला नक्की येईल ना? आणि काका, मलाही ती साखरेची बिस्किटं आठवतात. आधी साखर चाटायची, मग बिस्कीट.

सेक्रेटरी: १ ला येईल. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे हे लक्षात असू द्या.

जोशी काका: काम ज्येष्ठ सभासदाचं आहे, सोसायटीचंच धरा. अक्काला फोन केला. ती म्हणाली, पुडा कुठला, आई दुकानातून पावशेर आणायची, वर्तमानपत्राच्या पुडीत. दुकानदार पत्र्याच्या चौकोनी डब्यातून काढून तोलायचा. सगळी एकसारखी. बिस्किटावर इंग्रजी अक्षरं होती, ती साखरेखाली बुजलेली असायची. मला अक्षरं अजिबात आठवत नव्हती. तिनं सांगितल्यावर मात्र आठवल्यासारखं वाटतंय.

चौगुले: "आठवल्यासारखं" ते पत्रात घालू नका, अक्कांची आठवण म्हणूनच लिहा. आणि काका, इथंच सगळं बदललं. तुम्हाला नाव आठवत नाही, कारण तुम्ही ते बहुतेक कधी पाहिलंच नाही! सुटी बिस्किटं घेणाऱ्याच्या हातात पुडी. कंपनीचं नाव डब्यावरच्या कागदावर, आणि डबा दुकानदाराच्या फळीवर. म्हणजे नाव माहीत असणारा माणूस दुकानदारच. त्याला चव विचारू नका, डबा विचारा.

जोशी काका: म्हणजे लाल रंग आणि मुलगा काढून टाकू?

चौगुले: काढाच. चुकीची खूण असली तर ज्याला खरं बिस्कीट आठवतंय तो म्हणेल, "नाही, ते वेगळं," आणि पत्र बाजूला ठेवेल. कमी लिहा, पण खात्रीचं लिहा. वर्षही असं सांगा की त्याला जुळवता येईल. कोयना भूकंपानंतरचं का आधीचं?

जोशी काका: नंतरचं. भूकंप डिसेंबर १९६७ चा, आम्ही त्यानंतर सांगलीत आलो.

पूजा: जुनी बिलं बघायला सांगा ना दुकानदारांना.

चौगुले: पोरी, २००५ आणि २०१९ ला गणपती पेठेत पाणी होतं. कित्येकांच्या वह्या-बिलं तेव्हाच गेली. म्हणून पत्रात जुन्या माणसाबद्दल विचारायचं. मालकाचे वडील, नाहीतर तराजूवर बसणारा दिवाणजी.

कदम वहिनी: काका, माझे सासरे मारुती रोडला दुकानात होते. त्यांना दाखवते पत्र. (नोटीस आता दिसतेय, आभार.)

जोशी काका: नवीन मसुदा:
"स. न. वि. वि. कोयना भूकंपानंतरच्या दोन-तीन वर्षांत सांगलीत किराणा दुकानात पत्र्याच्या डब्यातून सुटी, वजनावर मिळणाऱ्या एका बिस्किटाची माहिती हवी आहे. लांबट चौकोनी, कडेला दाते, वर साखरेचे दाणे, खोबऱ्याचा वास. वर इंग्रजी अक्षरे असल्याचे माझ्या बहिणीस स्मरते. त्या काळी आपल्याकडे सुट्या बिस्किटांचे डबे कोणत्या कंपनीचे व कोणत्या गावाहून येत? आपल्या दुकानातील जुन्या कोणास आठवत असल्यास त्यांना विचारावे. तसे बिस्कीट आजही येत असल्यास पुड्याच्या मागील बाजूवरील उत्पादकाचे नाव व पत्ता लिहून पाठवावा. आठवत नसल्यास तसेही कळवावे. सोबत तिकीट लावलेला पाकीट जोडला आहे."

चौगुले: झकास. "आठवत नसल्यास तसेही कळवावे" हे फार चांगलं केलंत, नाहीतर लोक ओढूनताणून काहीतरी सांगतात. मागच्या बाजूचा पत्ता यासाठी हवा, की पुढं नाव एकाचं आणि भाजणारा दुसराच, असं पुष्कळदा असतं.

शेख भाभी: "जोडले आहे" करा काका, पाकीट ते.

पूजा: आणि नाव आलं की मी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर बघते. बिस्किटं क्लास ३० मध्ये येतात, नाव टाकलं की मालक कोण आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं.

चौगुले: बघ. पण नोंदणी चालू म्हणजे बिस्कीट निघतंच असं नाही हं. दहा वर्षांनी फी भरली की नाव जिवंत राहतं, भट्टी बंद असली तरी. नोंदणीनं मालकाचा पत्ता मिळेल, मग काकांनी दुसरं पत्र त्याला लिहायचं.

माने: तीन जणांनी साठे सांगितलं तर मला जिलबी.

जोशी काका: तीन जणांनी एकमेकांना न विचारता सांगितलं तर नक्की. म्हणूनच पत्रं वेगवेगळी पाठवतोय, एका दुकानात चारचौघांत विचारत नाही. चौगुले, पेठेत अजून उघडी असलेली जुनी दुकानं कोणती, तेवढी नावं मला वैयक्तिक पाठवाल का? उद्या पाणी बंद असतानाच पाकिटांवर पत्ते घालून टाकतो.