मदत हवी आहे: २६ कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग पीसीवर घ्यायचंय, चोवीस तास बारा महिने चालणारा. डिस्क कुठल्या, किती?

बेदाणा_स्टोअर

नमस्कार मंडळी. तासगाव भागात आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथलं सगळं मीच बघतो. एकूण २६ आयपी कॅमेरे आहेत, सगळे ४ मेगापिक्सेल, पण दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे, टप्प्याटप्प्याने घेतलेले. एनव्हीआर जुना झालाय, त्यात दोनच डिस्क बसतात आणि एका कंपनीचे कॅमेरे त्याला नीट दिसतच नाहीत, म्हणून आता स्वतंत्र डेस्कटॉप बांधून त्यावरच रेकॉर्डिंग करायचं ठरवलंय.

खरी अडचण अशी की आमच्याकडे तक्रार उशिरा येते. शेतकरी माल ठेवतो, महिना-दीड महिन्याने थोडा माल काढायला येतो आणि म्हणतो की पेट्या कमी आहेत नाहीतर वजन कमी लागलंय. तेव्हा माल आला त्या दिवशीचं काट्यावरचं आणि डॉकवरचं फुटेज दाखवता आलं पाहिजे, त्याचाही विश्वास राहतो आणि आमच्या पोरांवर उगाच आळ येत नाही. त्यामुळे ४५ ते ६० दिवसांचं रेकॉर्डिंग हवंच.

सध्या एका जुन्या पीसीवर ट्रायल म्हणून ब्लू आयरिस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकून बघतोय. दिवसा झकास चालतं पण रात्री काही कॅमेऱ्यांचं चित्र फाटतं, मधेच दहा-वीस सेकंद गायब. दुकानदार म्हणतो प्रोसेसर कमी पडतोय, आय९ घ्या. डिस्कसाठी तो साध्या ८ टीबीच्या सांगतोय, म्हणतो सर्व्हेलन्सवाली फक्त नावाला महाग. काय करू?

हार्डवेअर_हौशी

दुकानदार डिस्कबद्दल तसा चुकीचा नाही बरं का. डब्ल्यूडीची सर्व्हेलन्सवाली पर्पल काय नि साधी ब्लू काय, आतलं यंत्र बरंचसं तेच असतं, फर्मवेअर वेगळं. मी तर म्हणेन चार डिस्क घ्या आणि चारही एकत्र जोडून रेड ५ करून टाका, एक गेली तरी डेटा शाबूत. आणि आय९ घेतलात तर पुढची पाच वर्षं बघायला नको.

मंजिरी_कोथरूड

आमच्या घरी चार कॅमेरे आहेत, बाबा एकटे असतात म्हणून लावले. आम्ही प्रत्येक कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकलंय आणि क्लाउडचा प्लॅन घेतलाय, मोबाईलवर सगळं दिसतं. तुम्ही पण क्लाउडच का नाही घेत? पीसीची भानगडच नको.

रात्रपाळी

मंजिरीताई, चार कॅमेऱ्यांना ते ठीक आहे, पण यांचे २६ कॅमेरे दिवसरात्र वर पाठवायचे म्हणजे सतत १०० एमबीपीएसच्या आसपास अपलोड लागेल, तासगावच्या गोडाऊनवर ते कुठून आणायचं.

बेदाणा दादा, आधी चित्र फाटण्याचं बघू कारण मला ते प्रोसेसरचं वाटत नाही. दोन गोष्टी सांगा. फाटणारे कॅमेरे सगळे एकाच बाजूचे आहेत का? आणि त्या बाजूच्या पीओई स्विचवर अपलिंक पोर्टाशेजारी काय छापलंय?

बेदाणा_स्टोअर

हो की! सगळे मागच्या चेंबरकडचे आहेत. तिकडे १६ पोर्टचा स्विच आहे, त्यावर १४ कॅमेरे, तिथून एक केबल पुढच्या ऑफिसातल्या स्विचला येते, साधारण ८० मीटर. आत्ता जाऊन बघितलं, सगळ्या पोर्टवर 10/100 च लिहिलंय, अपलिंकवर पण.

रात्रपाळी

मग सापडलं. कॅमेऱ्याच्या पोर्टला १०० एमबीपीएस पुरतं, एका कॅमेऱ्याला चार-सहा एमबीपीएसच लागतात. पण चौदाही जणांना त्या एकाच १०० च्या नळीतून बाहेर पडायचंय. तुमच्या कॅमेऱ्यात बिटरेट व्हेरिएबल असणार आणि वरची मर्यादा ८ वगैरे ठेवलेली. दिवसा चित्र स्वच्छ, प्रत्येकी तीन-चार लागतात, म्हणजे ५० च्या आसपास, आरामात जातं. रात्री कॅमेऱ्याचे आयआर दिवे लागले की चित्रात दाणे येतात, कॅमेऱ्याला वाटतं सगळं हलतंय, बिटरेट सात-आठला जातो, चौदा साते अठ्ठ्याण्णव, नळी तुंबली आणि पॅकेट पडायला लागली. आय९ नाही तर काहीही आणा, तो स्विच आहे तोवर रात्री फाटणारच.

मागे गिगाबिट अपलिंकवाला पीओई स्विच लावा आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन वरची मर्यादा ४ ला बांधा, एच.२६५, १५ फ्रेम. मग आपल्याला डिस्कचा हिशोब पण पक्का करता येतो, नाहीतर रात्रीचा आकडा कळतच नाही.

बेदाणा_स्टोअर

बरं झालं विचारलं, नाहीतर आय९ चे पैसे गेले असते. आता डिस्कचं सांगा.

रात्रपाळी

एक आकडा लक्षात ठेवा, १ एमबीपीएस म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. ४ एमबीपीएसचा कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो. सगळे २६ तसेच ठेवले तर दिवसाला १.१ टीबी, ६० दिवसाला ६७ टीबी, एवढं कोणी करत नाही आणि तुम्हाला गरजही नाही. तक्रार येते ती काट्याची, डॉकची आणि गेटची. असे किती कॅमेरे?

बेदाणा_स्टोअर

काटा २, डॉक ४, गेट २. आठ झाले. बाकी चेंबरच्या पॅसेजचे, कंपाउंडचे, ऑफिसचे.

रात्रपाळी

आठ जण ४ एमबीपीएसने ६० दिवस, झाले २०.७ टीबी. बाकीचे अठरा २ एमबीपीएस, १० फ्रेम, २० दिवस, ते ७.८. एकूण साडेअठ्ठावीस. ८ टीबीच्या चार डिस्क म्हणजे ३२, त्यातली दहा टक्के जागा कायम मोकळी ठेवायची, उरले २८.८. बसतं, पण काठोकाठ बसतं. विंडोजमध्ये एक डिस्क ७.२७ दिसेल, घाबरू नका, मोजायचं एकक वेगळं आहे.

आता साधी की सर्व्हेलन्स. हौशी म्हणतात तसं आतलं यंत्र जवळचं असू शकेल, पण कंपनी कशासाठी हमी देते ते बघा. साध्या डेस्कटॉप डिस्कला वर्षाला साधारण ५५ टीबी कामाची मर्यादा असते, पर्पल आणि सीगेटच्या स्कायहॉकला १८०. तुमचं वर वाटून घेतलेलं लेखन वर्षाला २६८ टीबी होतं, चार डिस्कवर प्रत्येकी ६७. साध्या डिस्कची मर्यादा पहिल्याच वर्षी ओलांडली, आणि अजून कोणी फुटेज वाचलंय ते धरलंच नाही. सर्व्हेलन्सवालीत मात्र अर्ध्याहून जास्त मोकळीक राहते. दुसरं म्हणजे साध्या मोठ्या डिस्कमध्ये एसएमआरवाल्या, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, पण निघतात, त्यांना सतत ओव्हरराइट आवडत नाही, मधेच लिहिणं मंदावतं आणि तेवढा वेळ फ्रेम पडतात. घेताना सीएमआर आहे ना ते मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या डेटाशीटमध्ये बघा.

हार्डवेअर_हौशी

मर्यादेचं मान्य, एसएमआरचं पण. पण रेड ५ नाही म्हणताय? एक डिस्क गेली तर चतुर्थांश फुटेज जाणार ना.

रात्रपाळी

चतुर्थांश जाईल, पण रेड ५ मध्ये चारातल्या एका डिस्कएवढी जागा जाते, ३२ चे २४ राहतात, मग हिशोबच बसत नाही. शिवाय डिस्क बदलली की बाकीच्या तीन पूर्ण वाचून काढाव्या लागतात आणि इकडे कॅमेरे लिहायचे थांबत नाहीत, दिवस-दिवस ते चालतं आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं.

मी चार डिस्क सुट्या ठेवतो. प्रत्येकीवर दोन फोल्डर, एक ६० दिवसाचं एक २० दिवसाचं, आणि कॅमेरे असे वाटायचे की शेजारचे दोन एका डिस्कवर यायला नकोत. काट्याचा पहिला डी ड्राइव्हवर तर दुसरा ई वर, डॉकचे चार चारही डिस्कवर एकेक. एक डिस्क मेली तरी त्या दिवशी काटा दुसऱ्या बाजूने दिसतोच. फॉरमॅट करताना ६४ केचं युनिट घ्या, मोठ्या फाइलींना बरं. ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा, आहे ते सगळं पुसतं:

```
format E: /FS:NTFS /A:64K /Q
```

विंडोज आणि ब्लू आयरिसचा डेटाबेस वेगळ्या एसएसडीवर. रेकॉर्डिंग डायरेक्ट टू डिस्क ठेवा म्हणजे पीसी चित्र पुन्हा एन्कोड करत बसत नाही, आणि स्क्रीनवर बघायला सबस्ट्रीम जोडा. मग आय५ आणि १६ जीबी रॅम बास.

कृष्णाकाठ

मी मिरजेत कोल्ड स्टोरेजलाच इलेक्ट्रिकल करतो म्हणून सांगतो. पीसी कॉम्प्रेसर रूमजवळ अजिबात ठेवू नका, अमोनियाची थोडी जरी गळती राहिली तरी तांबं खातं, कनेक्टर हिरवे पडतात. ऑफिसातच ठेवा. आणि कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतो, पीसीबरोबर दोन्ही स्विच पण यूपीएसवर घ्या, पीसी चालू आणि कॅमेरे बंद असं झालं तर काय उपयोग. मागची ८० मीटरची केबल मोटरच्या केबलच्या पाइपातून नेली असेल तर ती पण वेगळी करा.

बेदाणा_स्टोअर

केबल मोटरच्या ट्रेमधूनच गेलीय, करून घेतो. लाइट गेली की जनरेटर लागायला दोन-तीन मिनिटं जातात, यूपीएस किती मोठा घेऊ?

कृष्णाकाठ

पीसी शंभर-सव्वाशे वॅट, कॅमेरे नि स्विच मिळून १८० धरा, ३०० वॅट झाले. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये एक छोटी बॅटरी असते, ती इतक्या लोडला काठावर. १ केव्हीए घ्या, दोन बॅटरीचा, यूएसबी पोर्ट असलेला.

रात्रपाळी

यूएसबी पीसीला जोडा आणि बॅटरी कमी झाली की नीट शटडाउन होईल असं सेट करा. त्याचा जोड म्हणजे बायोसमध्ये `Restore on AC Power Loss` ला `Power On`, आणि ब्लू आयरिस सर्व्हिस म्हणून चालवा, नाहीतर लाइट आल्यावर पीसी लॉगिन स्क्रीनवर थांबतो आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ता नसतो. कॅमेऱ्यांना इंटरनेट देऊ नका, वेगळं नेटवर्क ठेवा, पण मग त्यांची घड्याळं पीसीवरून मिळवा. पावतीवर ११:२० आणि फुटेजवर ११:०७ दिसलं की शेतकरी मानत नाही.

smartmontools टाकून घ्या आणि महिन्यातून एकदा प्रत्येक डिस्कला हे चालवा, शेवटचं अक्षर डिस्कप्रमाणे बदलून:

```
smartctl -A /dev/sdb
```

५ आणि १९७ नंबरच्या ओळी बघा, रॉ आकडा शून्य हवा. १९७ वाढायला लागला की डिस्क बदलायची, वाट बघायची नाही. १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, बहुतेक वेळा साटा केबल असते, बदलली की आकडा तिथंच थांबतो. तापमान ४५ च्या खाली राहू दे, दोन डिस्कच्या मध्ये एकेक खण मोकळा सोडा आणि पुढे १२० चा पंखा.

हार्डवेअर_हौशी

हे सगळं लिनक्सवर फ्रिगेट टाकून फुकटात होईल, विंडोज अपडेटचा रात्रीचा रीस्टार्ट पण टळेल.

रात्रपाळी

फ्रिगेट चांगलं आहे, पण ते सगळं रेकॉर्डिंग एकाच जागी ठेवतं, मग कॅमेरे डिस्कवार कसे वाटणार? वरून डिस्क जोडून एक मोठी जागा दाखवता येते, पण कुठला कॅमेरा कुठे पडला ते तुमच्या हातात राहत नाही.

हार्डवेअर_हौशी

मला ते जमेल असं वाटतं, घरी आठ कॅमेऱ्यांवर करून बघतो आणि सांगतो.

बेदाणा_स्टोअर

स्विच उद्याच मागवतो. काट्याच्या दोन कॅमेऱ्यांसाठी पाचवी डिस्क घालून त्यांचंच फुटेज तिथे पण कॉपी करावं का? मालक म्हणतात काट्याचं जायला नको.

रात्रपाळी

दोन कॅमेरे ६० दिवस म्हणजे ५.२ टीबी, ६ टीबीची जेमतेम पुरेल, ८ चीच बघा. पण त्याच डब्यात ठेवू नका, चोरटा पीसीच उचलून नेतो. ऑफिसपासून लांब दुसऱ्या खोलीत छोटा नॅस, म्हणजे नेटवर्कवर जोडलेला डिस्कचा डबा, आणि तोही यूपीएसवर.

बेदाणा_स्टोअर

दुसरी खोली म्हणजे काट्याची केबिनच आहे, उन्हाळ्यात पत्र्याखाली फार तापते. तिथे डिस्क टिकेल का?