मदत हवी आहे: स्लाइड झूमने विभागात शिरता येतं, पण विभाग संपल्यावर नकाशावर परत कसं यायचं?

दुर्गवेडी
नमस्कार मंडळी. पॉवरपॉइंटमध्ये एका ठिकाणी अडले आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठा लष्करी भूदृश्यांवर, म्हणजे त्या १२ किल्ल्यांवर, आमच्या गावच्या वाचनालयात मुलांसमोर बोलायचं आहे. पुढचा किल्ला कुठला बघायचा हे मुलांनी ठरवावं, म्हणून सगळा खेळ दुसऱ्या स्लाइडवरच्या नकाशावर ठेवलाय. मांडणी अशी:

१ शीर्षक
२ नकाशा
३ ते ७ सागरी किल्ले (एक ओळख, मग खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग)
८ ते १५ डोंगरी किल्ले (एक ओळख, मग साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा)
१६ ते १८ जिंजी
१९ समारोप

नकाशावर `Slide Zoom` वापरून ३, ८ आणि १६ या स्लाइडांची छोटी चित्रं ठेवली. कोकणावरच्या चित्रावर क्लिक केलं की झकास आत शिरतं. पण सिंधुदुर्ग झाला की नकाशावर न येता गाडी सरळ ८ वर, डोंगरी किल्ल्यांत जाते. म्हणून `Return to Zoom` वर टिक केली, तर आता ३ नंतरच परत येतं. खांदेरी दिसतच नाही. मधला मार्ग काय?

कोकणी_माणूस
स्क्रीन शेअर करताना `Optimize for video clip` चालू ठेवलंय का? आमच्या मीटिंगमध्ये झूमवर स्लाइड अडकायच्या, त्यानंतर बंद झालं.

दुर्गवेडी
दादा, ते मीटिंगचं झूम वेगळं. हे पॉवरपॉइंटच्या आतलं, `Insert` मधलं.

कोकणी_माणूस
अरेच्चा. मग बसून वाचतो.

झटपट_जोशी
सोपंय. `Summary Zoom` घ्या. परत येणं वगैरे सगळं आपोआप होतं, काही करावं लागत नाही.

फळा_खडू
जोशीबुवांचं निम्मं बरोबर आहे. `Summary Zoom` परत येतं खरं, पण ते स्वतःची नवी स्लाइड बनवतं आणि त्यावर चित्रं ओळीत मांडून देतं. ताईंचा नकाशा आधीच तयार आहे, त्यांना तो सोडायचा नसणार. शिवाय त्या खिडकीत ज्या ज्या स्लाइडवर टिक कराल तिथून नवा विभाग सुरू होतो. ३ बरोबर ४ वरही टिक झाली, तर ‘सागरी’चे दोन तुकडे पडतात आणि ओळखीची स्लाइड एकटी राहते. म्हणजे ताईंची आत्ताची अडचण जशीच्या तशी परत.

आता मूळ प्रश्न. `Slide Zoom` ला विभाग माहीत नसतो, त्याला एकच स्लाइड माहीत असते. टिक नसेल तर तो तिथे नेऊन सोडतो आणि पुढे नेहमीच्या क्रमाने चालू राहतं. टिक असेल तर त्या एका स्लाइडवरचं अ‍ॅनिमेशन संपलं की परत आणतो. मधला मार्ग त्यात नाहीच. तुम्हाला हवा तो `Section Zoom`. तो विभागाच्या पहिल्या स्लाइडवर नेतो आणि विभागाच्या शेवटच्या स्लाइडनंतर परत आणतो. त्यात `Return to Zoom` ची टिक आधीपासूनच असते.

त्यासाठी आधी विभाग पाडा. डावीकडच्या पट्टीत स्लाइड ३ वर उजवं क्लिक करून `Add Section`, नाव द्या ‘सागरी’. तसंच ८ वर ‘डोंगरी’, १६ वर ‘जिंजी’. आणि १९ वर ‘समारोप’, हा विसरू नका. विभाग पुढच्या विभागाच्या मथळ्यापर्यंत चालतो. मथळा नसला तर थेट फाइलच्या शेवटापर्यंत. ‘समारोप’ वेगळा पाडला नाही तर जिंजी बघून झाल्यावर मुलांना आधी ‘धन्यवाद’ दिसेल आणि मग नकाशा. १ आणि २ वर आपोआप `Default Section` असं नाव येईल, ते राहू द्या.

मग स्लाइड २ वरची जुनी चित्रं काढून टाका. `Insert`, `Zoom`, `Section Zoom`. खिडकीत तीन विभागांवर टिक करून `Insert`. चित्रं एकमेकांवर पडतील, ती ओढून कोकण, सह्याद्री आणि खाली तमिळनाडूत जिंजीवर ठेवा. चित्र निवडल्यावर वर येणाऱ्या `Zoom` टॅबमध्ये `Zoom Background` आहे. त्याने थंबनेलची पार्श्वभूमी जाते आणि खालचा नकाशा दिसत राहतो. नकाशावर मांडायचं असेल तर हे मला फार आवडतं, नाहीतर तीन पांढरे ठोकळे चिकटवल्यासारखे दिसतात.

दुर्गवेडी
सर, जमलं! सिंधुदुर्गनंतर सरळ नकाशा. पण एक विचित्र प्रकार आहे. कधी परत येतं, कधी येत नाही. त्याच ‘सागरी’ला एकदा नीट परत आलं, दुसऱ्यांदा साल्हेरकडे निघून गेलं. मी काहीच बदललं नव्हतं.

फळा_खडू
दुसऱ्या वेळी तुम्ही चित्रावर क्लिक न करता बाजूला कुठेतरी केलं असणार, किंवा हातातल्या क्लिकरचं पुढचं बटण दाबलं असणार. नकाशानंतरची स्लाइड क्रमाने ३ च आहे. म्हणून दोन्ही वाटांनी खांदेरीच्या आधीची तीच ओळख दिसते आणि फरक कळत नाही. पण झूमच्या दारातून शिरलात तरच पॉवरपॉइंट परत आणतो. क्रमाने चालत गेलात तर त्याच्या दृष्टीने तुम्ही साधा शो बघताय, मग ७ नंतर ८.

ओळखायची खूण आत शिरतानाच दिसते. चित्र मोठं होत होत पडदा भरला, तर झूममधून गेलात. स्लाइड साधीच बदलली, तर पुढे गेलात. तेव्हा तिथल्या तिथे `2` टाइप करून `Enter` दाबा, नकाशावर याल, आणि मग चित्रावर क्लिक करा. विभागाच्या मधूनच कंटाळून परत यायचं असेल तरी हाच उपाय.

कायमचा बंदोबस्त हवा असेल तर स्लाइड २ निवडून `Transitions` मध्ये `On Mouse Click` ची टिक काढा. मग नकाशावर रिकाम्या जागी क्लिक झालं तरी काही होत नाही, चित्रं मात्र चालतात. हे फक्त माऊसपुरतं. कीबोर्डचा बाण आणि क्लिकर तरीही पुढे नेतात, म्हणून नकाशा पडद्यावर असताना क्लिकर खिशात. आत गेल्यावर काढा.

झटपट_जोशी
आणि समारोपाला कसं जाणार? तिन्ही बघून झाले की ताई नकाशावर. पुढे दाबलं की पुन्हा सागरी ओळख!

फळा_खडू
हा मुद्दा बरोबर काढलात. `19` आणि `Enter`, थेट समारोप.

सुमन_आत्या
मी समारोपाची स्लाइड उचलून नकाशाच्या लगेच पुढे, तिसऱ्या जागी ठेवते, तिच्या वेगळ्या विभागासकट. मग शेवटी क्लिकरचं बटण दाबलं की समारोप, आकडा लक्षात ठेवायला नको. विभागांचे क्रमांक एकाने सरकतात, पण झूम विभागाला बांधलेला असल्याने बिघडत नाही.

फळा_खडू
आत्या, चालतं, पण मधेच चुकून बटण दाबलं गेलं की पहिल्या पाच मिनिटांत ‘धन्यवाद’ दिसणार. मुलं हसतील.

सुमन_आत्या
हसू देत. निदान कळेल की भलतीकडे आलोय. तुमच्या पद्धतीत सागरी किल्ले दिसत राहतात आणि घोटाळा थेट साल्हेरला कळतो.

दुर्गवेडी
दोघांचंही पटतंय 😄 अजून दोन प्रश्न. जिंजीत एक स्लाइड वाढवायची आहे. राजाराम महाराज १६८९ मध्ये तिथे पोचले आणि १६९८ मध्ये किल्ला पडला, तो सगळा काळ एका स्लाइडवर घ्यायचाय. झूम पुन्हा करावा लागेल का? आणि दुसरं, वाचनालयातल्या संगणकावर फाइल चालवून आले. चित्रावर क्लिक केलं की जातं, पण मोठं होत जात नाही, आणि विभाग संपल्यावर परतही येत नाही. इथे चित्रावरच क्लिक केलं होतं, नक्की!

फळा_खडू
वाढवलेली स्लाइड आपोआप येते, झूमला हात लावू नका. फक्त ती ‘समारोप’ मथळ्याच्या वर पडली आहे ना बघा. शेवटी जोडताना ओढलेली स्लाइड बरेचदा मथळ्याच्या खाली जाऊन बसते. मग जिंजी बघताना ती येणारच नाही आणि समारोपाच्या वेळी राजाराम महाराज उगवतील.

वाचनालयाच्या संगणकाचं लक्षण ओळखीचं आहे. तिथलं पॉवरपॉइंट जुनं असणार, २०१६ किंवा त्याआधीचं एकरकमी घेतलेलं. `Insert` मध्ये `Zoom` बटण आहे का बघा. नसेल तर तेच. अशा आवृत्तीत झूमची चित्रं साध्या लिंकसारखी वागतात. नेऊन सोडतात, परत आणत नाहीत. २०१९ किंवा त्यानंतरची आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर चालेल. स्वतःचा लॅपटॉप नेता आला तर प्रश्नच मिटला.

दुर्गवेडी
लॅपटॉप त्यांच्या प्रोजेक्टरला जोडता येत नाही, तारेचं टोक वेगळं आहे.

सुमन_आत्या
मग आमच्या काळची युक्ती. झूम यायच्या आधी आम्ही हेच करायचो. `Slide Show`, `Custom Slide Show`, `Custom Shows`, `New`. नाव ‘सागरी’, त्यात ३ ते ७ घाल. बाकीचे दोनही तसेच. मग नकाशावर झूमच्या जागी साधी चित्रं ठेव. चित्रावर उजवं क्लिक, `Hyperlink`, `Place in This Document`, यादीच्या अगदी तळाशी `Custom Shows` दिसतील. ‘सागरी’ निवड आणि शेजारच्या `Show and return` वर टिक कर. पाचवी स्लाइड झाली की नकाशावर येतं. मोठं होत जाणारं दृश्य मिळत नाही, पण परत येणं पक्कं.

एकच लक्षात ठेव, ही यादी हाताने केलेली असते. जिंजीत वाढवलेली स्लाइड त्यात आपोआप जात नाही, `Edit` करून घालावी लागते. म्हणून आधी स्लाइडा पक्क्या कर, मग याद्या.

गडभटक्या
मी अशाच कामासाठी सागरी ओळखीच्या स्लाइडवर पुन्हा चार झूम ठेवलेत, प्रत्येक किल्ल्याला एक. आतल्या झूममधून परत आलो की पुढे नकाशावर येणं कधी जमतं, कधी नाही. कुणी केलंय का?

फळा_खडू
मी झूमात झूम टाळतो. तुमच्या त्या चार किल्ल्यांच्या स्लाइडा त्याच विभागात आहेत की वेगळ्या? क्रम टाका, बघू.

दुर्गवेडी
आत्या, `Show and return` घरच्या संगणकावर चाललं. दोन फाइली ठेवते, एक झूमची आणि एक याद्यांची. उद्या वाचनालयात दुसरी चालवून बघते आणि इथे कळवते.

कोकणी_माणूस
ताई, तारेचं टोक कसलं आहे तेही बघून या. एचडीएमआयवरून व्हीजीएचं छोटं अडॅप्टर मिळतं, माझ्याकडे पडलंय.