मदत हवी आहे: वर्षअखेरीला ओव्हरहेड 4,20,000 ने कमी वसूल झालाय, कुठे टाकू?

खातेवही: मशीन तासांवर दर लावतो. बजेट 24,00,000 आणि 20,000 तास, म्हणून दर 120. प्रत्यक्षात 18,000 तास चालले, म्हणजे वसुली 21,60,000. खर्च मात्र 25,80,000 झाला. 4,20,000 चा फरक कंट्रोल खात्यात पडून आहे. सगळा खर्च स्थिर धरलाय. पूर्ण रक्कम नफा-तोट्याला टाकली तर चालेल का?

मुनीम: चालेल की. आम्ही दरवर्षी तेच करतो, ऑडिटरने कधी विचारलं नाही.

तासमोजणी: रक्कम किरकोळ असेल तर ठीक, पण ही वसुलीच्या जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. आधी फोड करा. 1,80,000 हा बजेटपेक्षा जास्त झालेला खर्च. उरलेले 2,40,000 हे न चाललेल्या 2,000 तासांचे. ते तास का गेले?

खातेवही: मुख्य मशीन बंद पडलं त्यात 1,400 गेले. बाकी 600 ऑर्डरी कमी होत्या म्हणून. जास्तीचा खर्च विजेचा दर वाढल्यामुळे.

तासमोजणी: मग बिघाडाचे 1,68,000 सरळ नफा-तोट्याला. बंद मशीनचा भार मालावर चढवायचा नाही. विजेचे 1,80,000 मात्र खरा खर्च आहे, आपला दरच कमी पडला. 18,000 तासांवर पूरक दर 10 येतो. विकलेल्या, तयार आणि अपूर्ण मालात किती तास गेले?

खातेवही: 13,500, 2,700 आणि 1,800.

तासमोजणी: तर विक्री खर्चाला 1,35,000, तयार मालाला 27,000, अपूर्ण मालाला 18,000. हे मूल्याच्या प्रमाणात वाटू नका. अपूर्ण मालात कच्चा माल पूर्ण पडलेला असतो, मशीनचे तास थोडेच. मूल्यावर वाटलं की त्याच्यावर नको तेवढा बोजा येतो.

जास्तवाली: आमच्याकडे उलटं झालं. तास बजेटपेक्षा जास्त चालले आणि 50,000 जास्त वसूल झाले. ते सगळे नफ्यात घेतले. चूक का?

तासमोजणी: त्यातला काही माल शिल्लक असेल तर हो. तो खऱ्या खर्चापेक्षा महाग दिसतोय आणि यंदाचा नफा तेवढ्याने फुगलाय. शिल्लक मालाचा वाटा वजा पूरक दराने कमी करा.

मुनीम: आणि ते 600 तास? ऑर्डरी तर दरवर्षी थोड्या कमीजास्त होतातच. ते 72,000 मालावर टाकायला हवेत.

तासमोजणी: मी टाकणार नाही. आयएएस 2 मध्ये स्थिर ओव्हरहेड सामान्य क्षमतेवर वाटायचा आणि न वाटला गेलेला भाग त्याच काळाचा खर्च धरायचा, असं आहे. तुमचा मुद्दा खरा असेल तर मुळात 20,000 ही सामान्य क्षमताच नव्हे. खातेवही, मागची काही वर्षं तास किती चालले होते?

खातेवही: तीन वर्षांचे लॉग काढायला सांगितलेत. 20,000 हा आकडा कोणी ठरवला तेही विचारतो. बिघाडाची नोंद आज करून टाकतो.