फोन नंबरला चेक डिजिट का नाही, आणि तोच नंबर दोनदा का भरायचा?

निनाद
कार्डाचा नंबर भरताना एक आकडा चुकला तर फॉर्म तिथल्या तिथे अडवतो. फोन नंबर चुकला तर मुकाट्याने घेतो, म्हणून आता खाली 'पुन्हा भरा'चा दुसरा रकाना. आधीच्या आकड्यांच्या गणितातून येणारा आणि चूक उघडी पाडणारा एक चेक डिजिट शेवटी जोडायचं इतक्या वर्षांत कुणालाच सुचलं नाही? टेलिफोनवाल्यांचा निव्वळ आळस, आणि त्याचा भुर्दंड आपल्याला.

अरुंधती
'आळस' वाचून राहवलं नाही. माझी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, त्यातली पहिली काही स्ट्रोजर यंत्रांवर, म्हणजे एकेका आकड्यागणिक जोडणी करत जाणाऱ्या जुन्या यंत्रांवर.

नंबर आधी पूर्ण गोळा होतो आणि मग कुणीतरी तो तपासतो, असं तुम्ही धरून चालला आहात. स्ट्रोजरमध्ये नंबर कुठेच गोळा होत नसे. तुम्ही ४ फिरवला की तारेवर चार ठोके यायचे, सिलेक्टरचा दांडा चार पायऱ्या वर चढायचा आणि आडवा फिरून पुढच्या सिलेक्टरकडे जाणारी मोकळी तार पकडायचा. तो ४ तिथेच खर्च झाला. पुढचा आकडा पुढच्या सिलेक्टरला. शेवटचे दोन आकडे एकाच फायनल सिलेक्टरचे: एकाने वर, दुसऱ्याने आडवं, म्हणजे शंभर तारांतली नेमकी एक. तो आकडा संपला की समोरची घंटी वाजायला लागायची. त्याच्यामागून येणारा चेक डिजिट कुणी तपासायचा? आधीचे आकडे बेरजेसाठी उरले होते कुणाकडे? तो सगळ्यात आधी फिरवा म्हणाल, तरी तो लक्षात ठेवायला यंत्राला स्मरण हवं, आणि ते नव्हतं.

आकडे साठवून ठेवणारी एक्स्चेंजेस पुढे आली, पण तोवर नंबर लोकांच्या पाटीवर, लेटरहेडवर जाऊन बसले होते. आणि त्या काळी चुकीचा नंबर लागला तर काय व्हायचं? समोरचा माणूस 'राँग नंबर' म्हणायचा. तपासणी माणूसच करत होता, तीही लगेच.

सलील
अरुंधतीताई, इतिहास मान्य. पण आज मोबाइलवर आपण सगळे आकडे लिहून मग हिरवं बटण दाबतो, नंबर एकगठ्ठा जातो. आज अडचण काय? चेक डिजिट काढायची लुनची पद्धत लावा, एकही चूक सुटणार नाही. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. दोन रकाने हा मूर्खपणा आहे. ओटीपी पाठवा, विषय संपला. गेली नऊ वर्षं फॉर्मच बनवतोय.

निनाद
हेच म्हणतोय. करून दाखवतो, कथा-चित्रपटांसाठी राखलेल्या मालिकेतला नंबर घेऊन: ५५५०१४२. उजवीकडून एकाआड एक आकडा दुप्पट, नऊच्या वर गेला तर नऊ वजा. २ चे ४, मग ४ तसाच, १ चे २, मग ०, ५ चे १० म्हणजे १, मग ५, पुन्हा १. बेरीज १७. वीसला ३ कमी, म्हणून चेक डिजिट ३. आता घाईत ४२ चं २४ झालं तर बेरीज १९ येते, चेक डिजिट १ हवा, पण कागदावर ३ आहे. पकडली चूक! दुसरा रकाना नको, मेसेज नको, इंटरनेटसुद्धा नको.

अरुंधती
गणित बरोबर आहे. पण सलील, 'एकही चूक सुटणार नाही' हे चूक. लुनमध्ये शेजारचे ०९ आणि ९० अदलाबदल झाले तर कळत नाही. दोन वेगळ्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात तेव्हाही नाही.

आणि तुमचा तो ३ फुकट येत नाही. नंबराची लांबी तीच ठेवली तर दहातले नऊ नंबर बाद. लांबी वाढवली तर जगातल्या प्रत्येकाने प्रत्येक फोनला एक आकडा जास्त दाबायचा. शिवाय मोठ्या कार्यालयाला सलग शंभर नंबर दिलेले असतात आणि शेवटचे दोन आकडे म्हणजेच टेबलावरचं एक्स्टेंशन. ४१ च्या शेजारी ४२. शेवटचा आकडा गणिताने ठरायला लागला की सलगपणाच संपतो.

नव्या कोऱ्या मालिकेला चेक डिजिट देणं आज शक्य आहे, एवढं मान्य करते. पण जुने बिनचेकचे नंबर शेजारी जिवंत असेपर्यंत फॉर्म कुणालाही 'चूक' म्हणू शकणार नाही.

मृणाल
माझा प्रश्न कुणी सोडवेल का? दीड वर्ष मला कुणा दुसऱ्याच बाईच्या दवाखान्याच्या तारखा आणि तपासण्यांचे निरोप येताहेत. तिच्या नंबरात आणि माझ्या नंबरात एका आकड्याचा फरक असणार. फोन करून सांगितलं तर म्हणाले, 'पेशंट आल्याशिवाय नंबर बदलता येत नाही.' तिला निरोप मिळत नाही म्हणून ती जाणार कशी? ब्लॉक करावं तर वाटतं, एखाद दिवशी महत्त्वाचं असलं तर.

सलील
मृणाल, विषय ब्लॉक करण्याचा नाही. पण बघा, ओटीपी घेतला असता तर हे झालंच नसतं.

प्रभाकर
सलीलराव, ज्याला मूर्खपणा म्हणता त्यावर आम्ही पोट भरलं. भोकं पाडून माहिती साठवायच्या पंचकार्डांच्या काळात मी व्हेरिफायरवर बसायचो, आयबीएम ०५९. पंचिंगवाल्याने कार्ड पाडलं की ते आणि मूळ कागद माझ्याकडे. मी तेच सगळं पुन्हा टाइप करायचं. यंत्र भोक पाडत नसे, नुसतं ताडून बघायचं. जुळलं तर पुढे, नाही तर लाल दिवा आणि कळफलक अडलेला. अख्खं कार्ड जुळलं तर उजव्या कडेला खाच. बिनखाचेचं कार्ड गठ्ठ्यात दुरूनही दिसायचं.

पण त्यात एक पथ्य होतं: दुसऱ्यांदा मारणारा माणूस दुसरा हवा. ज्याने १ चा ७ वाचला तो परत ७ च वाचणार. फॉर्मवाल्यांनी आमचं काम उचललं आणि पथ्य सोडून दिलं. एकच माणूस, एकच कागद, पाच सेकंदांचं अंतर. बोट घसरलं असेल तर ते सापडेल, कारण बोट दोनदा तसंच घसरत नाही. डोक्यातच चुकीचा नंबर असेल तर दोन्ही रकान्यांत तोच येणार.

सलील
काका, पंचकार्डं गेली. आज लोक पहिल्या रकान्यातून कॉपी करून दुसऱ्यात पेस्ट करतात. ते थांबवायला काहीजण हे लावतात:

```html
<input type="tel" name="phone2" onpaste="return false">
```

आणि मग ज्याच्याकडे नंबर बिनचूक साठवलेला आहे, त्यालाही हाताने मारायला लावून नवी चूक पैदा करतात. `type="tel"` आकडे तपासतच नाही, फक्त आकड्यांचा कळफलक पुढे करतं.

प्रभाकर
पंचकार्डं गेली, माणसाचे डोळे तेच आहेत. नऊ वर्षांच्या अनुभवावर चाळीस वर्षांचं काम उडवून लावू नका.

केतकी
दोन्ही रकाने जुळूनही चुकतं याचं उदाहरण माझ्याच घरचं. मावशी फोनवर नंबर सांगत होती, जोडीजोडीने. ती म्हणाली 'एकोणसत्तर', भाच्याने लिहिलं ७९. कानावर 'सत्तर' आलं, हात सातावर गेला. दोन्ही वेळा ७९, फॉर्म खूश. आपल्या आकड्यांची रचनाच अशी. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतो, त्यामुळे घाईत ५२ लिहिणारे मी पाहिलेत. 'एकोण'वाले तर सगळेच घातकी.

निनाद
म्हणजे ७९ आणि ५२, दोन्ही चुका चेक डिजिटने पकडल्या असत्या, आणि दोनदा विचारून पकडल्या नाहीत. माझाच मुद्दा!

अरुंधती
हो, इथे तुमचं बरोबर आहे. ऐकण्यातली चूक दुसरा रकाना पकडत नाही, चेक डिजिट पकडतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण केतकी, तुझ्या मुद्द्यावर खरोखर एका देशाने इलाज केला आहे. नॉर्वेत पंचवीसला आपल्यासारखंच 'पाच आणि वीस' म्हणत. तिथल्या टेलिफोन खात्याने तक्रार केली की नंबर सांगताना आकडे उलटे होतात, आणि संसदेच्या निर्णयाने १९५१ पासून 'वीस-पाच' म्हणणं अधिकृत झालं. शाळा आणि रेडिओसकट. नंबर बदलण्यापेक्षा त्यांना भाषा बदलणं सोपं वाटलं.

केतकी
'पंचवीस'चं 'वीस-पाच' मी तरी करणार नाही. मुलांना एकोणतीस म्हणता आलंच पाहिजे. नंबरासाठी भाषा वाकवायची?

प्रभाकर
भाषा नका वाकवू, एकेक आकडा सांगा. सहा, नऊ. आम्ही कागद वाचून दाखवताना जोडी कधीच घेत नव्हतो.

केतकी
काका, एकेक सांगितलं तर दहा आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून तर जोड्या करतो.

सलील
नॉर्वेत तरी सगळे बदलले का?

अरुंधती
नाही. अजूनही पुष्कळजण जुन्या पद्धतीने बोलतात. पण नंबर सांगताना नवी पद्धत वापरतात.

निनाद
अजून एक. हँडसेटच्या आयएमईआयला, म्हणजे त्या यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला, पंधरावा आकडा चेक डिजिट असतो, तोही लुनचाच. म्हणजे यंत्राला मिळाला, नंबराला नाही!

अरुंधती
कारण आयएमईआय माणूस खोक्यावरून कागदावर उतरवतो, आणि त्यावर फोन लावत नाही. तो चेक डिजिट नेटवर्कवर पाठवलाही जात नाही, हाताने लिहिताना चुकू नये एवढ्यासाठीच आहे. फोन नंबर जन्मला तेव्हा तो लिहून घ्यायची गोष्ट नव्हती, लावून बघायची होती. आज फॉर्मवाले तो लावून न बघता नुसता लिहून ठेवतात. तुमचा राग तिकडे जायला हवा.

मृणाल
आणि लावून बघितलं तर मला लागतो! ओटीपी ओटीपी म्हणताय, तर सांगते. मध्यंतरी त्या दवाखान्याने तोही पाठवला. त्या बाईचा कोड माझ्या फोनवर. त्याच्या खालीच तिचं नाव आणि कुठल्या तपासणीला यायचं ते. तिने भरायचा रकाना रिकामा राहिला असेल, पण तिची माहिती माझ्याकडे पोचली होती.

सलील
...हे चुकलंच त्यांचं. पहिल्या मेसेजमध्ये कोडशिवाय काहीही जाता कामा नये, आणि कोड परत येईपर्यंत तो नंबर नोंदीत कच्चाच राहायला हवा. मृणाल, मघाशी तुम्हाला विषयाबाहेर म्हणालो ते मागे घेतो. आणि काका, कोड म्हणजे तुमचं पथ्यच झालं की. दुसऱ्यांदा उत्तर देतो तो डोळा नाही, फोन.

प्रभाकर
तसं म्हणा. पण समोर बसून दुसऱ्याचा फॉर्म भरणारा कारकून असेल आणि पेशंटचा फोन घरी राहिला असेल तर कोड कुठून आणणार? तिथे कारकुनाने स्क्रीनवरचा नंबर मोठ्याने वाचावा, आणि पेशंटने हातातल्या चिठ्ठीवर बोट ठेवून ताडावा.

केतकी
वाचताना जोड्या नकोत ना, काका?

प्रभाकर
नकोत.

मृणाल
उद्या त्या दवाखान्यात स्वतः जाते. तिच्या खऱ्या नंबरातला कुठला आकडा चुकलाय ते मला कळणार नाही, पण माझा तरी त्यांनी खोडावा.