‘करण्यात येईल’ : पण करणार कोण?

रावपुरावाली
आमच्या बडोद्यातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाची नियमावली सोप्या मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मंडळाची अट एकच: भाषा बदला, नियम बदलू नका. अडले ते या कलमाशी:

‘वर्गणी थकीत असलेल्या सभासदास लेखी सूचना देण्यात येईल व सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत थकबाकी भरण्यात न आल्यास त्याचे सभासदत्व रद्द करण्यात येईल.’

मी असं केलं: ‘वर्गणी थकली तर चिटणीस सभासदाला सूचना पाठवतील. त्यानंतर ३० दिवसांत सभासदाने पैसे भरले नाहीत, तर त्याचे सभासदत्व रद्द होईल.’ वाचायला छान वाटतंय, पण मंडळातले एक काका म्हणाले, ‘पोरी, तू नियमच बदललास.’ कुठे बदलला?

शाळामास्तर
साधं आहे. मूळ वाक्य कर्मणी प्रयोगात आहे, तुम्ही ते कर्तरीत आणलंत. कायद्याच्या मजकुरात कर्मणी वापरूच नये. सगळीकडे कर्तरी करा, अर्थ आपोआप स्पष्ट होईल.

वकीलमावशी
मास्तर, ‘मंडळाने ठराव मंजूर केला’ हे वाक्य तुमच्याच व्याकरणाप्रमाणे कर्मणी आहे की नाही? क्रियापद ठरावाप्रमाणे चालतंय. पण त्यात काही लपलेलं नाही, मंडळ समोर उभं आहे. साध्या भूतकाळात मराठी सकर्मक वाक्य बहुतेक वेळा असंच चालणार, ते काढून टाकता येणार नाही. तेव्हा प्रयोगाचं नाव सोडा. आपला प्रश्न एवढाच की ‘ण्यात येईल’मध्ये करणारा गायब होतो.

आता रावपुरावाली, तुझे काका बरोबर आहेत. एकदा नाही, चार ठिकाणी बदललंस.

पहिलं, ‘मिळाल्यापासून’चं ‘पाठवतील, त्यानंतर’ झालं. टपालाला आठ दिवस लागले तर सभासदाचे आठ दिवस गेले. कर्ता आणायच्या नादात मुदत कधी सुरू होते तेच सरकलं. हे फार वेळा होतं, कारण चिटणिसाला वाक्यात आणलं की त्याची क्रिया ‘पाठवणं’ असते आणि ‘मिळणं’ ही सभासदाच्या बाजूची गोष्ट मागे पडते. त्याच घाईत ‘लेखी’ हा शब्दही गळला. आता चिटणिसांनी फोन केला तरी सूचना दिली असं म्हणता येईल.

दुसरं, ‘भरण्यात न आल्यास’चं तू ‘सभासदाने भरले नाहीत’ केलंस. मुलाने भरले तर?

रावपुरावाली
अय्या, हे खरंच घडतं. आमच्याकडे दोन-तीन आजोबांची वर्गणी मुलगी अमेरिकेतून पाठवते.

वकीलमावशी
मग त्या वाक्याने त्यांचं सभासदत्व गेलं की! इथे कोणी भरायचे हे मूळ नियमाने मुद्दाम म्हणा, चुकून म्हणा, मोकळं ठेवलंय. मोकळं आहे ते मोकळंच ठेवायचं. ‘थकबाकी जमा झाली नाही, तर’ लिही. कर्ता नाही, बोजडपणाही नाही.

तिसरं सगळ्यात धोक्याचं: ‘रद्द करण्यात येईल’ आणि ‘रद्द होईल’. पहिल्यात कोणीतरी काहीतरी करावं लागतं. मंडळ बसेल, ठराव होईल, तोवर माणूस सभासद आहे. ‘रद्द होईल’ म्हणजे एकतिसाव्या दिवशी आपोआप. समजा पस्तिसाव्या दिवशी निवडणूक आहे आणि त्याने मत दिलं. ते मत धरायचं की नाही?

निवृत्त कारकून
आणि भीतीपोटी ‘मंडळ रद्द करू शकेल’ असंही लिहू नका. ‘करील’मध्ये बंधन आहे, ‘करू शकेल’मध्ये मर्जी. आम्ही कचेरीत मसुद्यावर पहिली लाल रेघ तिथेच मारायचो. मंडळ आजवर कोणाचंच नाव कमी करत नसेल, तो त्यांचा चांगुलपणा. नियमात ती मुभा नाहीये.

मांडवीचा माणूस
माझंही असंच. एका कचेरीतून गुजरातीत पत्र आलं, ‘आपनी अरजी दफ्तरे करवामां आवे छे.’ मला वाटलं अर्ज जपून ठेवलाय. चार महिने वाट बघितली! हे सक्रिय वाक्यात कसं मागायचं? परत अर्ज करू का?

निवृत्त कारकून
भाऊ, दप्तरी केला म्हणजे फाइल बंद केली. मराठीतलं ‘दप्तरी दाखल’ही तेच. पत्राखाली सही आणि हुद्दा असेल, त्यांनाच कारण विचारा. पत्रात निदान सही असते, इथे चर्चा आहे ती नियमाची. त्याखाली कोणाचीच सही नसते.

शाळामास्तर
मावशी, मग प्रत्येक कर्ताहीन वाक्य तसंच ठेवायचं का? मग सोपं काय केलं?

वकीलमावशी
नाही. कर्ता नियमावलीत दुसरीकडे सापडतोय का ते आधी बघायचं. सापडला तर बिनधास्त घाला. नसेल तर दोन शक्यता. एक, लिहिणाऱ्याला सगळ्यांनाच बांधायचं होतं. घटनेतला अनुच्छेद १७ बघा: अस्पृश्यता नष्ट केली आहे, ती कुठल्याही रूपात पाळण्याला मनाई आहे. कोणी पाळायची नाही? कर्ता नाही, म्हणून सरकार आलं, तसा विहिरीवर अडवणारा शेजारीही आला. याउलट अनुच्छेद १४ मध्ये ‘राज्य’ हा कर्ता स्पष्ट आहे, ते समानता नाकारणार नाही. सतरामध्ये कोणी सोपं करायला म्हणून ‘राज्य’ घातलं तर शेजारी सुटला!

दुसरी शक्यता, लिहिणारा विसरला. तिथे कर्ता घालणं म्हणजे अधिकार वाटणं. ते भाषेचं काम नाही, सभेचं आहे. तुझी चौथी जागा हीच: सूचना चिटणीस देतील हे तुला कोणी सांगितलं?

रावपुरावाली
पूर्ण नियमावली परत चाळली. कलम ४ मध्ये ‘सभासदत्वासंबंधीचे सर्व निर्णय कार्यकारी मंडळ घेईल’ असं आहे, म्हणजे रद्द करणारं मंडळ मिळालं. सूचना कोणी द्यायची ते मात्र कुठेच नाही. जुन्या फाइलीत काही सूचनांवर चिटणिसांची सही आहे, काहींवर खजिनदारांची. आता हे झालंय:

‘सभासदाची वर्गणी थकली, तर संस्था त्या सभासदाला लेखी सूचना देईल. सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत थकबाकी जमा झाली नाही, तर कार्यकारी मंडळ ते सभासदत्व रद्द करील.’

शाळामास्तर
‘संस्था देईल’ म्हणजे पुन्हा कोण ते कळलंच नाही. ‘देण्यात येईल’ला नुसता सदरा बदलला.

वकीलमावशी
बरोबर आहे तुमचं, पण निदान बाहेरचा कोणी देणार नाही एवढं कळलं. ‘ठराव करून रद्द करील’ असं घातलंस तर मला आवडेल. मंडळ ठरावाशिवाय निर्णय घेतं तरी कसं?

निवृत्त कारकून
मावशी, ते मुळात नाहीये. तुम्हीच म्हणालात, मोकळं ते मोकळं.

वकीलमावशी
हं. पकडलंत. माझ्या मते ते कलम ४ मध्ये येऊनच गेलंय, पण वाद होऊ शकतो.

रावपुरावाली
‘ठराव करून’ मी कंसात पेन्सिलीने लिहून ठेवलंय. चिटणीस की खजिनदार हा प्रश्न वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत टाकते. काकांनी नवा मसुदा वाचून विचारलंय, ‘थकली’ म्हणजे किती दिवस? ते मूळ कलमातही नव्हतं.