बायपासनंतर पीटीएच वाढलंय, कॅल्शियमबद्दल मदत हवी आहे

ताईची २०२१ मध्ये गॅस्ट्रिक बायपास झाली. यंदा रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, पण पीटीएच वाढलेलं. म्हणजे शरीर हाडांतून कॅल्शियम काढून पातळी सांभाळत असावं, याची फार काळजी वाटते. ती कॅल्शियम कार्बोनेट घेत होती, तेही लोहाच्या गोळीसोबतच. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं आणि बायपासनंतर ते फार कमी उरतं.

डॉक्टरांनी आता सायट्रेट दिलंय: दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५००, लोहापासून दोन तास लांब. डी व्हिटॅमिनचा डोस रिपोर्ट पाहून ठरेल.

नोकरी सांभाळून हे तीन डोस आणि लोह दिवसात कसं बसवता? सायट्रेट सुरू केल्यावर तुमचं पीटीएच किती महिन्यांनी उतरलं?